लग्नाच्या फोटोतल्या खुर्च्या आणि खांब काढायचे, पण त्यामागचं खरं चित्र आणायचं कुठून?

तीन वर्षांपूर्वी कराडजवळच्या एका मंगल कार्यालयात माझ्या चुलत बहिणीचं लग्न झालं. पंगती सुरू होत्या, फोटोग्राफर जेवायला गेला होता, आणि नेमकं तेव्हाच ताई स्टेजवर आजीच्या पाया पडायला वाकली. आजीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी खाली उभा होतो, हातात फोन होता, दोन फोटो काढले. आजी आता नाही. त्या दोघींचा त्या दिवसाचा एवढाच फोटो आहे आणि तो ताईला मोठा करून घरात लावायचा आहे.

अडचण तुम्ही ओळखली असेलच. फोटोत समोर लाल प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या, स्टेजच्या अलीकडे डेकोरेशनवाल्याचा कापड गुंडाळलेला एक खांब, आणि तो खांब बरोबर आजीच्या हातावर. ताईचा मेसेज आला, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? खुर्च्या आणि तो खांब काढून दे. पाच मिनिटांचं काम असेल."

काम पाच मिनिटांचं नव्हतं, दोन रविवार गेले. पण त्यात एक गोष्ट नीट कळली, आणि या लेखात तीच सांगायची आहे. फोटोतून वस्तू पुसणं सोपं आहे. खरा प्रश्न तिच्या जागी काय भरायचं हा. ते तीन ठिकाणांहून येऊ शकतं: त्याच क्षणाच्या दुसऱ्या फोटोतून, त्याच फोटोच्या दुसऱ्या भागातून, किंवा मॉडेलच्या अंदाजातून. याच क्रमाने जायचं. अंदाज सगळ्यात शेवटी, आणि माणसांवर कधीच नाही.

पहिला प्रयत्न: सगळं एकदम पुसलं

मीही आधी सोपा रस्ता धरला. फोटो पुसणाऱ्या टूलमध्ये खुर्च्या आणि खांब रंगवले आणि बटण दाबलं. दहा सेकंदांत फोटो मोकळा! मोबाइलच्या स्क्रीनवर तर झकास दिसत होता.

लॅपटॉपवर मोठा करून बघितला तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. फरशीचे सांधे खुर्च्यांच्या जागी वाकडे होऊन एकमेकांत विरघळले होते. आजी स्टेजवर ज्या लाल खुर्चीत बसली होती तीही मी ओघात रंगवली होती, त्यामुळे आजीच्या खाली काहीतरी लाकडी पेटीसारखं उगवलं होतं. आणि ताईच्या डोक्यावर एक हात होता. गुळगुळीत, तरुण, बांगडी नसलेला. तो आजीचा हात नव्हता.

मॉडेलने चूक केली असंही नाही. खांबामागचे पिक्सेल त्या फाइलमध्ये नाहीतच. तिथे हात असावा एवढा अंदाज त्याने बांधला आणि जगातल्या कुठल्या तरी हातासारखा हात काढला. पडद्याच्या चुण्यांसाठी असं चालतं. आजीच्या हातासाठी नाही.

कुठला फोटो मूळ धरायचा?

माझ्याकडे दोन फोटो होते. पहिल्यात ताईचा चेहरा छान दिसतो, पण खांब आजीच्या हातावर आहे. दुसरा फोटो घेताना मी साधारण एक फूट डावीकडे सरकलो होतो. त्यात ताईचा चेहरा थोडा खाली गेलाय, पण खांब उजवीकडे सरकून नुसत्या पडद्यावर आलाय. आजीचा हात पूर्ण दिसतो.

खांब का सरकला? चालत्या एसटीच्या खिडकीतून बघताना जवळचे विजेचे खांब भराभर मागे जातात आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही, तेच इथे घडतं. आपण बाजूला सरकलो की जवळची वस्तू फोटोत जास्त सरकते, लांबची कमी.

हे मोजताही येतं. माझा फोटो 4000 पिक्सेल रुंद आहे आणि लेन्सचा आडवा कोन साधारण 70 अंश. त्यावरून कॅमेऱ्याची फोकल लांबी सुमारे 2900 पिक्सेल निघते. एखादी वस्तू किती पिक्सेल सरकेल, तर 2900 गुणिले आपण सरकलेलं अंतर, भागिले ती वस्तू आपल्यापासून किती लांब आहे. खांब माझ्यापासून अंदाजे 4 मीटरवर होता, आजी साडेसहा मीटरवर आणि मी सरकलो 30 सेंटिमीटर. म्हणजे खांब सरकला जवळजवळ 218 पिक्सेल आणि आजी सरकली 134 पिक्सेल. फरक 84. कापडासकट खांब 10 सेंटिमीटर जाड, म्हणजे फोटोत सुमारे 72 पिक्सेल. 84 हा आकडा 72 पेक्षा मोठा आहे, म्हणून खांब आजीच्या हातावरून पूर्ण बाजूला झाला.

हेच उलटं मांडलं तर पुढच्या लग्नात कामाला येईल असं सूत्र मिळतं:

```
किती सरकायचं = खांबाची जाडी / (1 - खांबाचं अंतर / माणसाचं अंतर)
              = 10 / (1 - 4 / 6.5) = सुमारे 26 सेंटिमीटर
```

खांब तुमच्या आणि माणसाच्या बरोबर मध्ये असेल तर जाडीच्या दुप्पट सरकायचं. खांब माणसाला जितका चिकटलेला, तितकं जास्त सरकावं लागतं. आणि एक लक्षात घ्या, जागेवर उभं राहून फोन वळवला किंवा झूम केलं तर काहीच फायदा नाही. पाय हलले पाहिजेत.

तर मी दुसरा फोटो मूळ धरला. ताईला हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं. "पहिल्यात मी चांगली दिसते रे," ती म्हणाली. मी तिला पहिल्या फोटोतला तो उगवलेला हात मोठा करून दाखवला आणि शेजारी दुसऱ्या फोटोतला खरा हात ठेवला, ज्यात आजीची हिरवी काचेची बांगडी आणि वाकडी झालेली करंगळी दिसते. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दुसराच कर."

पहिल्या फोटोतला हात कापून दुसऱ्यात किंवा दुसऱ्यातला पहिल्यात का नाही बसवला? कारण दोन फोटोंमध्ये दोघीही हलल्या होत्या. हात एका क्षणाचा आणि डोकं दुसऱ्या क्षणाचं असं जोडलं की सावली चुकते आणि बोटं केसांवर टेकलेली न वाटता तरंगतात. माणसं एकाच फोटोतली घ्यायची, जोडकाम निर्जीव वस्तूंवर करायचं.

खांब: दुसऱ्या फोटोतून खरा पडदा

आता मूळ फोटोत खांब पडद्यावर आहे आणि पडद्याचा तो भाग पहिल्या फोटोत मोकळा दिसतो. म्हणजे इथे काही अंदाज करायचा नाही, फक्त तो भाग उचलून योग्य जागी बसवायचा.

त्यासाठी पहिला फोटो दुसऱ्यावर असा बसवावा लागतो की दोन्ही पडदे तंतोतंत जुळतील. ओपनसीव्ही ही मोफत लायब्ररी हे करते. दोन्ही फोटोंतले ठळक बिंदू शोधायचे, जोड्या लावायच्या आणि `cv2.findHomography` वापरून एका सपाट पृष्ठभागाचं दुसऱ्या फोटोत रूपांतर काढायचं. इथे माझी एक चूक झाली ती सांगतो. मी बिंदू पूर्ण फोटोत शोधू दिले. लाल खुर्च्यांच्या कडा ठळक असतात, त्यामुळे बरेच बिंदू खुर्च्यांवर गेले आणि जुळवणी खुर्च्यांच्या अंतराची झाली. पडदा बाजूलाच राहिला. मग फक्त पडद्याच्या भागावर मास्क देऊन बिंदू शोधले, तेव्हा चुणीवर चुणी बसली.

मास्क म्हणजे कुठे बदल करायचा हे सांगणारं काळं-पांढरं चित्र. खांबाचा मास्क खांबापेक्षा दोन्ही बाजूंनी 10-12 पिक्सेल रुंद ठेवा. खांबाच्या कडेला त्याच्या कापडाचा रंग पुसटसा पसरलेला असतो. तो राहिला तर खांब गेल्यावरही एक भुतासारखी उभी रेघ दिसत राहते.

फोनने दोन फोटोंना थोडा वेगळा उजेड दिला होता, म्हणून उचललेली पट्टी जरा उजळ दिसत होती. त्यासाठी `cv2.seamlessClone` वापरलं. या पद्धतीचा मूळ शोधनिबंध 2003 सालचा आहे. त्यात उचललेल्या तुकड्याचा रंग जसाच्या तसा घेत नाहीत. शेजारच्या पिक्सेलमधला फरक तेवढा घेतात आणि कडेचा रंग नव्या जागेप्रमाणे जुळवून आतपर्यंत पसरवतात. पण म्हणूनच मास्कच्या कडेला खांबाचा थोडा जरी रंग राहिला, तर तो रंग आत ओढला जातो आणि सगळी पट्टी तपकिरी होते. तसं झालं तर मास्क आणखी रुंद करायचा.

खुर्च्या: इथे दुसरा फोटो उपयोगी का नाही?

खांब 72 पिक्सेलचा, खुर्ची मात्र तीन मीटरवर आणि 55 सेंटिमीटर रुंद, म्हणजे फोटोत जवळजवळ 530 पिक्सेल. एक फूट सरकून तिच्यामागची फरशी मोकळी होत नाही, आणि जी थोडी होते तिथे शेजारची खुर्ची येते. म्हणून फरशी त्याच फोटोतून घ्यायची.

मधल्या वाटेत दोन फूट बाय दोन फुटांच्या फरशा स्वच्छ दिसत होत्या. डावीकडे दोन खुर्च्या, उजवीकडे दोन. मग वाटेतली फरशी उचलून बाजूला चिकटवली तर? क्लोन ब्रशने करून बघा, लगेच फसते. फोटोत जवळची फरशी मोठी दिसते आणि लांबची लहान, सांधे तिरके जातात. वाटेतला सांधा सरळ वर जातो, डावीकडचा उजवीकडे झुकलेला असतो. नुसतं उचलून ठेवलं की जोड तुटतो.

उपाय असा की आधी फरशी आडवी पसरून घ्यायची, जणू छतावरून बघतोय. त्या चित्रात सगळ्या फरशा सारख्या चौकोनी होतात आणि एक फरशी सरकवणं म्हणजे ठरावीक पिक्सेल सरकवणं एवढंच उरतं. यासाठी चार कोपरे लागतात. मी सहा फरशा रुंद आणि तीन फरशा खोल असा चौकोन घेतला. काही कोपरे खुर्चीमागे लपले होते. तिथे दिसणारे सांधे रेघ ओढून वाढवले आणि त्या रेघा जिथे छेदतात तो बिंदू घेतला.

```python
import cv2, numpy as np
img = cv2.imread("photo2.jpg")
n = 200   # एका फरशीला किती पिक्सेल
src = np.float32([[900,2406],[3075,2406],[3720,2950],[240,2950]])
dst = np.float32([[0,0],[6*n,0],[6*n,3*n],[0,3*n]])
H = cv2.getPerspectiveTransform(src, dst)
flat = cv2.warpPerspective(img, H, (6*n, 3*n))
```

`flat` उघडून बघा. खुर्च्या भयंकर ताणलेल्या दिसतील, घाबरू नका. त्या फरशीवर झोपलेल्या नाहीत, उभ्या आहेत, म्हणून तसं होतं. तपासायचं ते फरशांचं. मोकळ्या जागेतले सगळे सांधे सरळ आणि दर 200 पिक्सेलवर आहेत का? पहिल्या वेळी माझे नव्हते, कारण एक कोपरा मी चुकीच्या सांध्यावर धरला होता. हे इथेच सुधारा, पुढे गेल्यावर सुधारत नाही.

आता डावीकडच्या दोन फरशांच्या जागी वाटेतल्या दोन फरशा:

```python
patch = np.roll(flat, -2*n, axis=1)
flat2 = np.where(mask_left[..., None] > 0, patch, flat)
back = cv2.warpPerspective(flat2, np.linalg.inv(H),
                           (img.shape[1], img.shape[0]))
```

`mask_left` म्हणजे डाव्या खुर्च्यांचा मास्क, त्याच `H` ने आडवा पसरलेला. उजवीकडे हेच `+2*n` घेऊन आणि तिकडच्या मास्कने करायचं. शेवटी `back` मधला फक्त मास्कच्या आतला भाग मूळ फोटोवर ठेवायचा, बाकी फोटोला हात लावायचा नाही. कोड नको असेल तर गिंपमध्ये पर्स्पेक्टिव्ह क्लोन नावाचं टूल आहे, त्यामागची कल्पना हीच.

फरशी नेहमी आडव्या दिशेने सरकवा, म्हणजे त्याच रांगेतली घ्या. जवळच्या रांगेतली फरशी लांबच्या जागी नेली तर ती आजूबाजूपेक्षा जास्त स्पष्ट दिसते, उलट केलं तर धूसर. शिवाय स्टेजला लागून जी कापलेली अर्धी फरशी असते, ती आडवं सरकवल्यावर आपोआप कापलेलीच राहते.

चकाकी, सावली आणि झेंडूची पाकळी

इतकं करूनही फरशी खोटी वाटत होती. कारणं तीन निघाली.

एक, सावली आणि प्रतिबिंब. मी मास्क खुर्चीच्या आकाराचा केला होता. पण चकचकीत फरशीत खुर्चीचं लाल प्रतिबिंब पडतं आणि पायांजवळ सावली असते. खुर्ची गेली आणि लाल डाग राहिला. मास्कमध्ये या दोन्ही गोष्टी घ्यायलाच हव्यात. त्यासाठी फोटोचा कॉन्ट्रास्ट तात्पुरता वाढवून बघा, प्रतिबिंब कुठवर गेलंय ते लगेच दिसतं.

दोन, दिव्यांची चकाकी. मधल्या वाटेवर स्टेजच्या फोकसचा एक उजळ पट्टा होता. फरशीबरोबर तोही कॉपी झाला आणि एका फोकसचे तीन पट्टे झाले. यावर मी आडव्या चित्राचे दोन भाग केले. खूप धूसर केलेली प्रत म्हणजे उजेड, आणि मूळ चित्राला त्या उजेडाने भागून उरतं ते फरशीचं नक्षीकाम आणि सांधे. नक्षीकाम वाटेतून कॉपी केलं. उजेड मात्र कॉपी केला नाही, खुर्च्यांच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेतून हळूहळू बदलत भरला. मग दोन्हीचा गुणाकार. इतकं मात्र खरं की अगदी आरशासारखी फरशी असेल आणि त्यात दिव्यांची स्पष्ट माळ दिसत असेल तर हा उपाय अपुरा पडतो. माझी फरशी सुदैवाने मध्यम चकाकीची होती.

तीन, पाकळी. वाटेत एक झेंडूची पाकळी आणि थोड्या अक्षता पडल्या होत्या. आता तीच पाकळी, त्याच कोनात, तीन ठिकाणी! कुणी तुमचा फोटो पकडला तर अशाच एखाद्या पाकळीवरून पकडेल. उचलायच्या आधी फरशी झाडून घ्या, म्हणजे त्या छोट्या वस्तू आधी पुसा. एवढ्या छोट्या डागाला `cv2.inpaint` पुरतं. ते कडेचे रंग आत ओढून खड्डा भरतं, त्यामुळे पाच-दहा पिक्सेलच्या डागाला उत्तम आणि खुर्चीएवढ्या जागेला निरुपयोगी.

मॉडेल कुठे वापरलं?

खुर्च्यांच्या पाठी फक्त फरशी झाकत नव्हत्या. त्यांचा वरचा भाग स्टेजच्या पुढच्या झालरीवर येत होता. म्हणून खुर्चीचा मास्क स्टेजच्या तळरेषेवर दोन तुकड्यांत कापला. खालचा तुकडा फरशीच्या पद्धतीने भरला, वरचा वेगळा. दोन्ही एकदम भरायला दिले की ती सरळ रेषाच मोडते आणि स्टेज खचल्यासारखं दिसतं.

झालरीच्या चुण्या काही एकसारख्या नसतात, म्हणून तिथे फरशीसारखं मोजून सरकवता येत नाही. इथे मात्र मी लामा हे मॉडेल वापरलं. 2021 साली प्रसिद्ध झालेलं हे मॉडेल मोठ्या जागा भरण्यासाठीच बनवलं आहे, आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या नक्षीत ते चांगलं चालतं. आपल्याच लॅपटॉपवर, ग्राफिक्स कार्ड नसलं तरी चालवता येतं, त्यामुळे घरचा फोटो बाहेर जात नाही:

```
pip install iopaint
iopaint start --model=lama --device=cpu --port=8080
```

नंतर ब्राउझरमध्ये `localhost:8080` उघडून तो भाग ब्रशने रंगवायचा. त्याच्यापुढे अख्खी झालर एकदम टाकू नका. एका वेळी एका खुर्चीची जागा द्या. हे मॉडेल लहान चित्रांवर शिकलेलं असल्यामुळे खूप मोठ्या जागेत ते मध्यभागी धुरकट होत जातं. झालर नेमकी अशी नव्हती हे मला माहीत आहे. पण झालरीला कुणाची ओळख नसते, म्हणून हा अंदाज मला चालला.

तपासायचं कसं?

फोटो आडवा उलटा करा, म्हणजे डावं-उजवं बदला. सवयीचं चित्र अनोळखी झालं की डोळा चुका पकडतो. मग एका सांध्यावर पट्टी धरून तो भरलेल्या जागेतून सरळ जातो का बघा. शेवटी 100 टक्क्यांवर मोठं करून भरलेली जागा शेजारच्यापेक्षा जास्त गुळगुळीत नाही ना ते बघा. फोनच्या फोटोत घराच्या आतल्या उजेडात बारीक दाणे असतात. मॉडेलने भरलेल्या जागेत ते नसतात, म्हणून तिथे थोडे दाणे वरून घालावे लागतात. हा फरक मोबाइलवर दिसत नाही, पण बारा बाय अठरा इंचांच्या प्रिंटवर दिसतो.

आजीची लाल खुर्ची मी तशीच ठेवली. ताई आधी म्हणाली होती, "सगळ्या खुर्च्या काढ." पण आजीला तेव्हा उभं राहवत नव्हतं, म्हणून काकांनी खालून उचलून ती स्टेजवर नेली होती. प्रिंट बघून काका म्हणाले, "ही खुर्ची राहू दिलीस ते बरं केलंस."

दोन्ही मूळ फोटो मी हात न लावता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले आणि प्रिंटच्या मागे पेन्सिलीने लिहिलं: समोरच्या खुर्च्या आणि खांब काढले आहेत, फरशी आणि झालर भरलेली आहे, माणसं जशीच्या तशी.